पीबेरी कॉफी खरोखर गोड लागते का? घरच्या घरी करायची एक परीक्षा

सोलापुरात कॉफी पिणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. एक वर्ग उडुपी हॉटेलातल्या फिल्टर कॉफीवर वाढलेला आहे आणि बंगळुरूहून येणाऱ्या नातेवाइकांकडून भुकटी मागवतो. दुसरा वर्ग अलीकडचा असून, तो चिकमगळूर किंवा कोडगूच्या मळ्यांतले अख्खे दाणे ऑनलाइन मागवून घरी दळतो. दोन्ही वर्गांना कधी ना कधी पाकिटावर ‘पीबी’ किंवा ‘पीबेरी’ ही अक्षरे भेटतात, आणि ती भेटली की सोबत एक आश्वासनही येते: हा दाणा इतर दाण्यांपेक्षा गोड लागतो, त्याची चव अधिक तरतरीत म्हणजे ‘ब्राइट’ असते, आणि म्हणून त्याला दोन पैसे जास्त मोजावे लागतात. हे आश्वासन कितपत खरे आहे, हे नवख्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात कसे तपासता येईल, ते या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. त्याआधी हा दाणा मुळात काय आहे ते पाहणे आवश्यक आहे, कारण परीक्षेतल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

दाणा गोल का होतो

कॉफीच्या फुलातल्या अंडाशयात साधारणपणे दोन कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक बीजांड असते. दोन्ही बीजांडे फळली की फळात दोन बिया तयार होतात, त्या एकमेकींना टेकून वाढतात आणि टेकलेल्या बाजूला सपाट होतात. आपण नेहमी पाहतो तो एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने चपटा, मध्ये चीर असलेला दाणा असा घडतो. काही फळांत मात्र दोनांपैकी एक बीजांड फळतच नाही, किंवा फळून लवकर सुकते. मग उरलेल्या एकटीला अडवायला समोर कोणी नसते आणि ती जागा व्यापत अंडाकृती, जवळपास गोल होते. सोलापूरकराला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. दोनदाणी शेंग फोडली की दाण्यांची समोरासमोरची टोके दबलेली दिसतात आणि एकदाणी शेंगेतला दाणा सगळीकडून गरगरीत असतो, तसेच हे आहे.

बीजांड न फळण्याची कारणे अनेक आहेत. परागीभवन अपुरे झाले, फुलोऱ्याच्या वेळी पाऊस किंवा पाण्याचा ताण आडवा आला, झाडाला पोषण कमी पडले, किंवा त्या झाडाचा आनुवंशिक कलच तसा असला, तर एकबीजी फळे वाढतात. अरेबिकाचे फूल स्वतःच्या परागाने फळू शकते, तर रोबस्टाला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. त्यामुळे रोबस्टाच्या मळ्यात परागीभवन बिघडले तर त्याचा परिणाम अधिक दिसतो. सर्वसाधारण पिकात अशा दाण्यांचे प्रमाण पाच ते दहा टक्के धरले जाते, मात्र ते झाडागणिक आणि हंगामागणिक बदलते.

यातून नवख्या वाचकाने एक गोष्ट पक्की धरावी. पीबेरी ही कॉफीची जात नाही, तिचा वेगळा मळा नसतो आणि तिची लागवडही करता येत नाही. ज्या फांदीवर चपट्या दाण्यांची फळे लागतात त्याच फांदीवर ही फळेही लागतात, आणि बाहेरून ती ओळखूही येत नाहीत. वाळवून, टरफल काढून झाल्यावर, प्रतवारीच्या वेळी लांबट भोकांच्या चाळण्यांतून हे दाणे वेगळे केले जातात. ‘पीबी’ हे त्या प्रतवारीचे नाव आहे. ते दाण्याचा आकार सांगते, चव सांगत नाही.

‘दोघांचे पोषण एकाला’ हा युक्तिवाद

पीबेरीच्या गोडव्यासाठी नेहमी दिले जाणारे कारण असे की, दोन बियांना मिळायचे ते सगळे पोषण एकाच बीला मिळते, म्हणून तिच्यात चव दाटून येते. हे कारण ऐकायला पटते, पण ते घरच्या वजनकाट्यावरसुद्धा फारसे टिकत नाही. एकाच पाकिटातले शंभर गोल दाणे आणि शंभर चपटे दाणे मोजून वेगवेगळे तोलावेत. दोघांचा वाटा खरोखर एकाला मिळत असता तर गोल दाण्यांचे वजन दुपटीच्या आसपास जायला हवे होते, आणि तसे ते जात नाही. झाड फळाला ठरावीक शिधा देत नसते. बी आपल्या वाढीपुरते घेते, आणि फळात एकच बी असली तर ते फळच सहसा थोडे लहान राहते.

दुसरा मुद्दा गोडव्याचाच आहे. कच्च्या अरेबिका दाण्यात साखर असते, वजनाच्या साधारण सहा ते नऊ टक्के, आणि रोबस्टात त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण ही साखर भाजताना जवळजवळ सगळी मोडते आणि तिच्यापासून रंग, वास आणि आम्ले तयार होतात. कपात आपल्याला जो गोडवा जाणवतो तो विरघळलेल्या साखरेचा क्वचितच असतो. गूळ, कॅरॅमल, पिकलेले फळ यांची आठवण करून देणारे वास आणि कडवटपणाचा अभाव मिळून तो भास घडवतात. ‘ब्राइट’ चव म्हणजे मुख्यतः आम्लांची चव, आणि तिच्यावर मळ्याची उंची, झाडाची जात, फळावरची प्रक्रिया आणि सर्वांत जास्त भाजणीचा हात असतो. या चार गोष्टींपुढे दाण्याचा आकार फार मागे उभा आहे.

म्हणून पीबेरी वेगळी लागतच नाही, असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. ती वेगळी लागू शकते, पण त्याची कारणे बहुधा झाडावर नसून झाडाखाली घडलेली असतात. पीबीचा ढीग वेगळा करताना दाणे जादा वेळा चाळले आणि निवडले जातात, त्यामुळे त्यात फुटके आणि किडके दाणे कमी राहतात. गोल दाणा भाजणीच्या पिंपात किंवा कढईत गडगडत राहतो, चपट्यासारखा एका अंगावर पडून राहत नाही, त्यामुळे तो अधिक एकसारखा भाजला जाऊ शकतो. आकार आणि घट्टपणा वेगळा असल्याने त्याच आचेवर तो थोडा कमी किंवा थोडा जास्त भाजला जाण्याचीही शक्यता असते. पुढची परीक्षा रचताना हीच कारणे एकेक करून बाजूला काढायची आहेत.

पहिली पायरी: पाकीट नीट वाचणे

भारतीय प्रतवारीत ‘पीबी’ ही अक्षरे एकटी येत नाहीत. धुऊन प्रक्रिया केलेल्या अरेबिकाला ‘प्लँटेशन’ म्हणतात आणि त्यात पीबी, एए, ए, बी, सी असे दर्जे असतात. फळासकट वाळवलेल्या अरेबिकाला ‘अरेबिका चेरी’ म्हणतात. धुतलेल्या रोबस्टाला ‘रोबस्टा पार्चमेंट’ आणि फळासकट वाळवलेल्या रोबस्टाला ‘रोबस्टा चेरी’ अशी नावे आहेत. या प्रत्येकात पीबी असतेच. म्हणजे ‘प्लँटेशन पीबी’ आणि ‘रोबस्टा चेरी पीबी’ या दोन पाकिटांत पीबी हा शब्द सोडला तर जवळपास काहीच समान नाही. पहिल्यात आंबटगोड, हलकी चव येते, तर दुसऱ्यात जाड, कडसर आणि दुधाला पुरून उरणारी.

सुट्या भुकटीच्या दुकानात ‘पीबेरी द्या’ म्हटल्यावर यांपैकी नेमके काय मिळाले हे बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला कळतच नाही. आधी वापरलेल्या प्लँटेशन ए भुकटीशी तिची तुलना करून कोणी ‘पीबेरी कडू निघाली’ किंवा ‘पीबेरी दमदार निघाली’ असा निष्कर्ष काढला, तर त्याने अरेबिका आणि रोबस्टा यांची तुलना केलेली असू शकते. म्हणून दुकानात तीन प्रश्न विचारावेत: अरेबिका की रोबस्टा, धुतलेली की चेरी, आणि चिकरी मिसळलेली आहे का. तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर ते पाकीट प्यायला चालेल, परीक्षेला चालणार नाही.

दुसरी पायरी: एकाच लॉटचे दोन्ही दाणे मिळवणे

न्याय्य तुलनेसाठी मळा, हंगाम, प्रक्रिया आणि भाजणीची तारीख ही चारही एकच असायला हवीत, फरक फक्त आकाराचा असावा. सोपा मार्ग म्हणजे एकाच मळ्याच्या, एकाच हंगामातल्या प्लँटेशन पीबी आणि प्लँटेशन एए किंवा ए अशा दोन छोट्या पाकिटांची मागणी एकाच भाजणाऱ्याकडे नोंदवणे आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच छटेला भाजून द्यावीत असे सांगणे. चांगला भाजणारा हे ऐकतो, पण छटा तंतोतंत जुळेल याची खात्री तोही देऊ शकत नाही.

मला अधिक भरवशाचा वाटतो तो मार्ग थोडा कष्टाचा आहे. प्रतवारी न केलेला, ज्याला व्यापारात ‘बल्क’ म्हणतात तसा अख्ख्या दाण्यांचा किलोभर लॉट मध्यम भाजून मागवावा आणि त्यातले गोल दाणे स्वतः वेचावेत. लॉटमध्ये सात टक्के पीबेरी असेल तर किलोमागे सत्तर ग्रॅम मिळतात, आणि खालच्या परीक्षेला तेवढे पुरतात. उरलेले चपटे दाणे रोजच्या कॉफीत संपतात, म्हणजे वाया काहीच जात नाही. मागवताना ‘प्रतवारी केलेला नको’ हे स्पष्ट सांगावे, कारण एए किंवा ए दर्जातून गोल दाणे आधीच काढून घेतलेले असतात आणि त्यात वेचण्यासारखे फारसे उरत नाही.

तिसरी पायरी: वेचणे

एकेक दाणा चिमटीत धरून पाहण्याची गरज नाही. स्टीलच्या मोठ्या, सपाट ताटात मूठभर दाणे पसरावेत, ताटाची एक कड दोन बोटे उचलावी आणि ताटाला हलके धक्के द्यावेत. चपटे दाणे आपल्या सपाट अंगावर बसून जागच्या जागी घसटत राहतात, गोल दाणे मात्र वळत वळत खालच्या कडेशी जमा होतात. ज्या घरात ज्वारी सुपात घोळून निवडली जाते, त्या घरातल्या हातांना हे दोन मिनिटांत साधते. कडेशी जमलेल्यांत काही लबाड दाणेही येतात: चपट्याचेच फुगीर तुकडे, किंवा एक बाजू किंचित दबलेले अर्धगोल दाणे. दाणा बोटांमध्ये फिरवून पाहावा. कोठेही सपाट भाग लागला नाही आणि एकच चीर दिसली तरच तो गोल ढिगात टाकावा.

यानंतर एक काम करायचे आहे जे बहुतेकजण विसरतात. गोल दाणे वेचताना नजर प्रत्येक दाण्यावरून फिरलेली असते, त्यामुळे किडका किंवा करपलेला दाणा आपोआप बाजूला पडतो. तीच निगराणी चपट्या दाण्यांनाही मिळायला हवी. परीक्षेपुरते सत्तर-ऐंशी ग्रॅम चपटे दाणे घेऊन त्यातलेही फुटके, भोक पडलेले, काळे आणि फिकट पिवळे दाणे काढून टाकावेत. हे केले नाही तर आपण गोल आणि चपट्याची तुलना न करता निवडलेल्या आणि न निवडलेल्या कॉफीची तुलना करू, आणि निवडलेली जिंकेल. पीबेरीच्या कीर्तीचा मोठा भाग याच फरकावर उभा असावा, असे माझे मत आहे.

चौथी पायरी: भाजणीची बरोबरी पाहणे

दोन्ही प्रकारचे दहा-दहा ग्रॅम दाणे एकाच सेटिंगवर दळून पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी पसरावेत आणि खिडकीच्या उजेडात पाहावेत. अख्ख्या दाण्याचा बाहेरचा रंग फसवतो, भुकटीचा रंग सहसा फसवत नाही. दोन्ही ढिगांमधली सीमा डोळे बारीक करून पाहिल्यावर पुसट होत असेल तर भाजणी पुरेशी जुळली आहे असे समजावे. एक ढीग स्पष्ट फिकट असेल तर त्याची चव अधिक आंबट लागणारच, आणि त्याचे श्रेय आकाराला देता येणार नाही.

जे कच्चे दाणे आणून घरी कढईत भाजतात त्यांच्या हाती रंगापेक्षा चांगले माप आहे, ते म्हणजे वजनातली घट. समजा कोणी शंभर ग्रॅम चपटे आणि शंभर ग्रॅम गोल कच्चे दाणे सारख्याच आचेवर, सारखाच वेळ, वेगवेगळे भाजले. थंड झाल्यावर चपटे ८४ ग्रॅम भरले आणि गोल ८७ ग्रॅम. याचा अर्थ गोल दाण्यांची घट तीन ग्रॅमांनी कमी झाली, म्हणजे ते हलके भाजले गेले. अशी कॉफी प्यायलेला माणूस प्रत्येक वेळी गोल दाण्यांचा कप अचूक ओळखेल आणि ‘हीच ती ब्राइट चव’ असे म्हणेल, पण त्याने ओळखली ती हलकी भाजणी. यावर उपाय म्हणजे घड्याळ सोडून घटीवर चालणे: पहिली तडतड संपत आली की दाणे उतरवून तोलायचे आणि दोन्ही घाणे ८५ ते ८६ ग्रॅमच्या दरम्यान येईपर्यंत पुढच्या घाण्यात वेळ कमी-जास्त करायचा. भाजलेले दाणे हवाबंद डब्यात, शेगडीपासून दूर ठेवून तीन-चार दिवसांनी वापरावेत. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोल्या इतक्या तापतात की डबा ठेवायला घरातला सर्वांत गार कोपरा शोधावा लागतो.

पाचवी पायरी: पाणी, माप आणि कप

पाण्याकडे दुर्लक्ष केले तर वरची सगळी मेहनत फुकट जाते. बोअरचे पाणी बहुधा जड असते, आणि त्यातले बायकार्बोनेट कॉफीतल्या आम्लांना मारते. ज्या तरतरीत चवीचा शोध घ्यायचा आहे तीच अशा पाण्यात बुजते आणि दोन्ही कप सारखेच मातकट लागतात. परीक्षेसाठी बाटलीतले साधे पिण्याचे पाणी वापरावे. घरच्या आरओचे पाणी अगदीच क्षारहीन असेल तर त्यात थोडे नळाचे गाळलेले पाणी मिसळावे. कोणतेही घेतले तरी सर्व कपांना एकाच भांड्यातले पाणी मिळाले पाहिजे.

कॉफी चाखणारे व्यावसायिक जी रीत वापरतात तीच छोट्या प्रमाणात घ्यावी, कारण तिच्यात फिल्टर, ओतण्याचा वेग, हाताची सवय असले काहीच आड येत नाही. शंभर मिलिलिटरच्या एकसारख्या कपात साडेपाच ग्रॅम जाडसर भुकटी घालावी. पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबून कप भरावेत. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने तीनदा ढवळून मोडावा, फेस काढून टाकावा आणि आणखी आठ-दहा मिनिटे काहीही करू नये. कॉफी कोमट व्हायला लागते तेव्हा आंबट आणि गोड चवी उघड्या होतात. कढत कॉफीत केवळ जीभ भाजते. वजनासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा, कारण साडेपाच ग्रॅममध्ये एका ग्रॅमची चूक झाली तर कप ठळकपणे कडक किंवा पाणचट होतो. मिक्सरवर दळणाऱ्यांनी दोन्ही भुकट्या एकाच चाळणीतून चाळून सारख्या कराव्यात, कारण गोल आणि चपटे दाणे पात्याखाली सारखे तुटतीलच असे नाही.

चाखण्याआधी तासभर चहा, पान आणि शेंगाचटणी यांपासून दूर राहावे. यातली शेवटची अट आपल्याकडे सर्वांत जड आहे, याची मला कल्पना आहे.

सहावी पायरी: तीन कपांची परीक्षा

दोन कप समोर ठेवून ‘कोणता गोड आहे’ असे विचारणे ही वाईट परीक्षा आहे, कारण विचारलेल्या माणसाला काहीतरी उत्तर द्यावेच लागते आणि डोळे झाकून बोललेले उत्तरही निम्म्या वेळा बरोबर येते. त्याऐवजी प्रत्येक फेरीत तीन कप ठेवावेत, ज्यांत दोन एकाच प्रकारचे असतील आणि एक वेगळा. चाखणाऱ्याला गोडव्याविषयी काहीच विचारायचे नाही, फक्त वेगळा कप कोणता एवढेच सांगायला लावायचे. ज्याला फरकच ओळखता येत नाही त्याने फरकाचे वर्णन करण्यात अर्थ नाही.

कप भरणारा माणूस चाखणाऱ्यांत नसावा. त्याने कपांच्या बुडाला पेन्सिलीने खूण करावी, कपांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि कप मांडून झाल्यावर खोलीतून बाहेर जावे, कारण त्याच्या चेहऱ्यावरूनही उत्तर कळते. चाखणाऱ्यांनी आपापले चमचे वापरावेत, फेरी संपेपर्यंत एकमेकांशी बोलू नये आणि उत्तर कागदावर लिहावे. अशा पाच फेऱ्या कराव्यात, तीन फेऱ्यांत दोन कप गोल दाण्यांचे आणि दोन फेऱ्यांत एक, म्हणजे गोल दाण्यांचे एकूण आठ आणि चपट्यांचे सात कप लागतील. साडेपाच ग्रॅमच्या मापाने गोल दाणे चव्वेचाळीस ग्रॅम खर्च होतात, आणि भाजणी तपासायला दळलेले दहा धरूनही वेचलेल्या सत्तर ग्रॅमांत थोडे उरतात. पाचही फेऱ्या एकाच बैठकीत उरकू नयेत. तीन झाल्यावर जीभ थकते, म्हणून उरलेल्या दोन फेऱ्या संध्याकाळी घ्याव्यात.

सातवी पायरी: हिशेब

निव्वळ अंदाजाने उत्तर देणारा माणूस प्रत्येक फेरीत तीनात एकदा बरोबर येतो. पाच फेऱ्यांपैकी तीन बरोबर येणे त्यामुळे फार विशेष नाही. काहीही न कळणाऱ्या माणसालाही साधारण पाचात एकदा तीन किंवा अधिक उत्तरे जमतात. चार किंवा पाच बरोबर येण्याची नशिबाची शक्यता मात्र साडेचार टक्के एवढीच उरते. म्हणून पाचात चार ही उंबरठ्याची रेषा मानावी.

उदाहरणार्थ, घरात तिघांनी परीक्षा दिली आणि बरोबर उत्तरे अनुक्रमे चार, दोन आणि एक आली असे धरू. पहिल्याला फरक कळतो असे लगेच जाहीर करण्याचा मोह होईल, पण तिघे चाखत असताना त्यांच्यापैकी कोणी तरी एक नुसत्या नशिबाने चारवर पोहोचण्याची शक्यता सुमारे आठात एक असते, आणि ती दुर्लक्ष करण्याएवढी लहान नाही. त्यामुळे पहिल्या व्यक्तीची आणखी पाच फेऱ्यांची परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्यावी. त्यासाठी पुन्हा तेवढेच गोल दाणे लागतील, म्हणून एकापेक्षा जास्त जण चाखणार असतील तर सुरुवातीलाच दोन किलोंतून वेचून ठेवणे शहाणपणाचे आहे. दुसऱ्या दिवशी दोन बरोबर आली तर एकूण दहात सहा होतात, आणि दहा फेऱ्यांसाठी रेषा सातवर आहे. म्हणजे या घरात, या लॉटमध्ये फरक सिद्ध झाला नाही. हीच व्यक्ती दहात आठवर गेली असती तर फरक मान्य करावा लागला असता.

नीट वेचलेल्या आणि एकत्र भाजलेल्या लॉटमध्ये बहुतेक घरांत पहिल्या तऱ्हेचाच निकाल येईल, असा माझा अंदाज आहे. फरक निघालाच तर दोन गोष्टी पुन्हा पाहाव्यात: भुकटीचा रंग खरोखर जुळत होता का, आणि मागून चव पाहताना वेगळ्या कपात आढळलेली गोष्ट आंबटपणाची होती की कडवटपणाच्या अभावाची. एकत्र भाजलेल्या घाण्यात गोल दाणे किंचित कमी भाजले गेले असतील तर पहिले, आणि चपटे दाणे कडेला करपले असतील तर दुसरे जाणवते. दोन्हींचा उगम भाजणीत आहे.

आठवी पायरी: वर्णन

ज्याने रेषा ओलांडली त्यालाच आता दोन कप, कोणता कोणाचा हे न सांगता, द्यावेत आणि गोड, आंबट, कडू, जाड या चार गोष्टींना शून्य ते पाच गुण मागावेत. हे चार-पाच वेळा कपांची जागा बदलून करावे. गोल दाण्याला गोडव्याचे गुण सातत्याने जास्त मिळाले तर त्या लॉटपुरता दावा खरा ठरला. ‘त्या लॉटपुरता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एका मळ्याच्या एका हंगामातल्या पीबेरीवरून टांझानियाच्या, केनियाच्या किंवा शेजारच्या मळ्याच्या पीबेरीविषयी काहीच सांगता येत नाही. टांझानियाची पीबेरी प्रसिद्ध आहे ती तिथल्या डोंगराळ मळ्यांतल्या अरेबिकासकट. तिचे चपटे भावंड शेजारी ठेवून प्यायलेले लोक फार थोडे असतील.

दूध-साखरेच्या कॉफीसाठी काय घ्यावे

वरची परीक्षा काळ्या, बिनसाखरेच्या कॉफीची आहे आणि सोलापुरातली बहुतेक कॉफी तशी प्यायली जात नाही. फिल्टरच्या डिकॉक्शनमध्ये वीस-तीस टक्के चिकरी असते, वर दूध आणि दोन चमचे साखर येते. दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही झाकतात, चिकरी स्वतःचा गोडसर-कडू वास आणते, आणि साखर तर साखरच आहे. अशा कपात गोल आणि चपट्या दाण्यातला उरलासुरला फरक शोधणे व्यर्थ आहे. दक्षिणेत प्लँटेशन ए आणि पीबेरी अर्धी-अर्धी मिसळण्याची जुनी पद्धत आहे आणि ती कॉफी चांगली लागते, पण त्याचे कारण दोन्ही घटक चांगल्या, निवडलेल्या दर्जाचे असतात हे अधिक संभवते. दुधाच्या कॉफीला अंगदार चव हवी असेल तर जादा पैसे प्लँटेशन पीबीवर न घालवता मिश्रणात चौथा हिस्सा रोबस्टा पार्चमेंट घ्यावा. तो पीबी असो वा चपट्या दाण्यांच्या एबी दर्जाचा, कपात फरक पडणार नाही.

काळी कॉफी पिणाऱ्याने मात्र पाकीट निवडताना आधी भाजणीची तारीख, मग मळा आणि प्रक्रिया, आणि सर्वांत शेवटी दर्जाची अक्षरे पाहावीत. तारीख तीन आठवड्यांच्या आतली असेल आणि दोन्ही पाकिटांची किंमत जवळपास सारखी असेल तर पीबी घ्यायला हरकत नाही, कारण निवडलेला माल मिळण्याची शक्यता तिच्यात थोडी जास्त असते. किंमतीत ठळक फरक असेल तर त्याच मळ्याचे ए दर्जाचे पाकीट घ्यावे, घरी आणल्यावर ताटात पसरून पाच मिनिटे फुटके-काळे दाणे काढावेत, आणि मग दळावे.